काकाच्या तोंडून एक वाक्य

"मग मी काय आता बँकेत जाऊन सांगू, की फोनवर मी थाप मारली म्हणून? माझी काही इज्जत आहे की नाही?"

काका इतक्या जोरात ओरडला की फ्लेक्स कापणाऱ्या कारागिराची कात्री अर्ध्यात थांबली. मागे मशीन चरचर करत चपलांच्या सेलचा बॅनर ओकत होतं. मी काउंटरच्या अलीकडे, काका पलीकडे. आणि ताई कोपऱ्यातल्या तिच्या चाक मोडलेल्या खुर्चीवर, लॅपटॉप मांडीवर घेऊन गप्प.

"थाप मारायला कुणी सांगितलं होतं?" मी म्हणालो. "बँकेने विचारलं, पोरगी कामाला आहे का? तुम्ही म्हणालात आहे, चांगला पगार देतो. कुठाय तो पगार? आम्हालाही दाखवा ना एकदा. कसा दिसतो ते तरी बघू."

"ए फटाक्या, तू मधे बोलू नको. ज्याने शाळेतून पळ काढला त्याने मला व्यवहार शिकवायचा नाही."

"पळ नाही काढला. चालत आलो, सगळ्यांच्या समोर."

कारागीर खुदकन हसला. काकाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याची कात्री लगेच सुरू झाली.

मला सगळे फटाका म्हणतात, कारण मी पटकन पेटतो. शाळा आणि माझं जमलं नाही, मी गॅरेजमध्ये दुचाक्या खोलतो. ताईचं उलटं आहे. ती कधी पेटत नाही आणि पुस्तकांशी तिचं चांगलं जमतं. बायोटेकची डिग्री आहे तिच्याकडे. ती कर्जावर घेतली. बाबा नाहीत, आई शिवण करते, आणि शिवणाच्या कमाईवर बँक विश्वास ठेवेना. कमावता, रिटर्न भरणारा सहकर्जदार आणा म्हणाले. म्हणून काकाने सही केली. त्या एका सहीवर तो आमच्या घरी इतकी वर्षं जावयासारखा जेवतोय. भाजीत मीठ कमी असलं तरी सहीची आठवण काढतो.

तर त्या कर्जाचं असं असतं, की शिकेपर्यंत आणि नंतर वर्षभर हप्ता नसतो. त्याला मोरॅटोरियम म्हणतात. मी त्याला सरळ सुट्टी म्हणतो. सुट्टी संपली की पहिला हप्ता. ताईची सुट्टी या महिन्यात संपत होती आणि नोकरी अजून लागली नव्हती. लॅबवाले म्हणतात अनुभव आणा. अनुभव आणायचा तर आधी कुणीतरी कामावर ठेवायला पाहिजे. वर तिला कुणीतरी डोक्यात भरवलं, की बायोडाटात रिकामी जागा दिसली की माणूस शिळा वाटतो. तेवढ्यात काका म्हणाला, माझ्या दुकानात बस, बॅनरची डिझाइनं कर, मी अनुभवाचं पत्र देतो. ती बसली. नोकरीच्या वेबसाइटवर तिने लिहिलं, 'सध्या नोकरीत', आणि खाली काकाच्या दुकानाचं नाव आणि नंबर. पगाराबद्दल विचारायचं तिच्या जिभेवरच येईना. काकाला विचारायचं कसं? तोही कधी बोलला नाही. त्याला काय, बाहेर डिझाइनवाल्याला मोजून द्यावे लागतात आणि ही पोळी स्वतःच ताटात येऊन पडलेली.

मग ताई बँकेत सुट्टी वाढवून मागायला गेली. मिळते ती. नोकरी नसेल किंवा अगदीच तुटपुंजं मिळत असेल तर बँक हप्ता पुढे ढकलू शकते, पण अर्ज सुट्टी संपायच्या आत द्यायचा, दोघांच्या सह्या हव्यात, आणि नोकरी शोधताय याचे पुरावे. ताईने पुरावे दिले. कर्जाच्या मॅडमने तिची ती वेबसाइट उघडली आणि विचारलं, "इथे तर तुम्ही नोकरीत आहात?"

ताई सांगते, तिचे कान इतके तापले की चष्मा काढावासा वाटला. आणि मॅडमनी पडताळायला फोन केला तो त्याच नंबरवर. काकाच्या.

"काका," ताई पहिल्यांदा बोलली, तेही हळू. "तुम्ही फक्त एवढंच सांगा, की मी इथे येते पण पगार नाही. मी चुकीचं लिहिलंय ते मी दुरुस्त करते."

काकाचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. मला त्याचा हा आवाज जास्त चीड आणतो. "अगं पोरी, कशाला ती भानगड? सुट्टी वाढवून काय मिळणार? व्याज तर चालूच राहणार. मी आहे ना! हप्ता मी भरतो. तू इथे बस. घरचं दुकान, वर पंखा, चहा मिळतो. कुणाची चाकरी करायची नाही."

मी ताईकडे बघितलं. ती लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होती. पडद्यावर एक हसरी चप्पल होती. चपलेला डोळे काढायला सांगितले होते तिला. एवढं शिकून पोरगी चपलेला डोळे काढत होती, आणि हा माणूस तिला हप्त्याची दोरी बांधून कायमची कोपऱ्यात बसवायला निघाला होता. पगाराऐवजी हप्ता. कर्ज फिटेपर्यंत. म्हणजे माझे केस पिकेपर्यंत.

तेव्हाच मी ठरवलं. याला मी सोडणार नाही.

घरी आई शिवणयंत्रावर होती. मी सांगितलं तसं तिने पाय थांबवला. "तो काका आहे तुझा. त्याने सही केली म्हणून ती शिकली."

"म्हणून काय तिला जन्मभर बॅनरला चिकटवायचं का?"

"आवाज खाली."

"ताई, माझ्याकडे आयडिया आहे," मी ताईला म्हणालो, कारण आईला आयडिया सांगून उपयोग नसतो. "हप्ता भरूच नको. बँक जाईल त्याच्याकडे. त्याला तो नवा मोठा प्रिंटर घ्यायचाय ना, त्याच बँकेतून? कोण देणार त्याला? बसेल बोंबलत."

"आणि माझं नाव?" ताई म्हणाली. "खातं थकलं की दोघांचं नाव खराब होतं. उद्या नोकरी लागली आणि मला काही घ्यायचं झालं तर माझ्या नावापुढे तेच दिसणार. तू काकाचं घर जाळायला निघालायस, पण त्या घरात मी झोपलेय, गाढवा."

मला राग आला, पण बरोबर होतं तिचं. गॅरेजमध्येही आमचे उस्ताद म्हणतात, आधी बघ की जॅक कुणाच्या गाडीखाली आहे.

मग तिने मला मोबाइल दाखवला. एका लॅबचा मेल आला होता. दुसऱ्या शहरात, शेवटची मुलाखत. पाणी तपासायची लॅब. "लागलं तरी सुरुवातीला प्रशिक्षणाचेच दिवस असतील, हातात जेमतेम पडेल. मला ती सुट्टी हवीच आहे. नाहीतर हप्ता सुरू झाला की काका भरणार, आणि काकाने भरला की मी कुठेच जाऊ शकत नाही. कळलं?"

कळलं. मला शाळेतलं काही कळत नव्हतं, पण कुणी कुणाला कशाने बांधून ठेवलंय ते मला लगेच दिसतं.

मी काकाला फोन केला. अगदी साखरेत घोळवून बोललो. म्हणालो, "काका, चुकलं माझं, मी तसं बोलायला नको होतं. तुम्ही नुसते बँकेत या, तुमची सही लागते, मॅडमनी बोलावलंय. तुमच्या प्रिंटरचंही बोलणं होईल लगे हात."

ताई माझ्याकडे बघत राहिली. "तू माफी मागितलीस?"

"आमिष आहे ते," मी म्हणालो.

काका बँकेत आला तो इस्त्रीच्या शर्टात. अत्तर एवढं, की टोकन देणाऱ्या मशीनला शिंक यायची बाकी होती. काखेत प्रिंटरची रंगीत माहितीपत्रकं. आम्ही बाकावर बसलो. समोर दोरीने बांधलेलं पेन, त्याला निम्मा मुलूख चावून गेलेला. आमचा नंबर आला तसे तिघे आत गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला बाहेर थांबायलाही कुणी सांगितलं नाही.

मॅडम वयाने आईएवढ्या. टेबलावर स्टीलची बाटली आणि फाइलींचा ढिगारा. त्या दमलेल्या होत्या, पण वाकड्या नव्हत्या. ताईचा अर्ज समोर घेऊन त्या म्हणाल्या, "तुमचं म्हणणं नोकरी नाही. यांचं म्हणणं आहे. मी वरच्या ऑफिसला काय शिफारस करू?"

काका हसला. "पोरांचं काय, त्यांना वाटतं आपलं दुकान म्हणजे नोकरी नाही."

इथे मी ओरडणार होतो. जिभेवर आलं होतं. पण आदल्या दिवसापासून मी ठरवून आलो होतो, की आज ओरडायचं नाही, आज काकाला वर चढवायचं. उंचावर न्यायचं आणि मग शिडी काढायची.

"मॅडम, काकांचं दुकान फार मोठं आहे," मी म्हणालो. "फार व्यवस्थित माणूस. कारागिरांचा पगार थेट खात्यात टाकतात. कधी एक दिवस उशीर नाही."

काकाने छाती फुगवली. "पद्धतच आहे आपली."

मॅडमनी ताईच्या खात्याचा उतारा उलटला. वरून खाली बोट फिरवलं. "मग यांच्या खात्यात का दिसत नाही?"

मी मनातल्या मनात शिट्टी मारली.

"हिला... हिला रोख देतो," काका म्हणाला.

"सहीची पावती?"

"घरच्यांना कसली पावती!"

"ठीक आहे." मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. आवाज साधा. "मग तुम्ही लिहून द्या, कधीपासून देता आणि किती देता. मी तसंच वर पाठवते. कमाई व्यवस्थित असेल तर मुदतवाढ बसत नाही. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होईल, आत्तापर्यंतचं व्याज मुद्दलात मिळवून. यांनी नाही भरला तर सहकर्जदार तुम्ही आहात."

"हो, हो, मी भरणारच आहे..."

"भराल ना. नोंद मात्र दोघांची जाते. एखादा हप्ता चुकला की तुमच्याही नावावर दिसतो. पुढे कुठल्याही कामासाठी कर्ज मागितलंत तर आम्हाला तो आधी दिसतो. हे सगळं कर्जही तुमच्या डोक्यावर आहे असंच धरलं जातं, तुम्ही भरताय म्हटल्यावर तर नक्कीच."

काकाची माहितीपत्रकं काखेतून हळूच मांडीवर आली. मग टेबलाखाली. मी बघत होतो. त्याने कोऱ्या कागदाकडे बघितलं. खोटा पगार लिहिला तर तो कागद बँकेत राहणार. त्याचा हिशेब बघणारा माणूसही त्याला उद्या विचारणार, हा पगार कुठून काढला. कपाळावर घामाचा एक थेंब आला आणि भुवईवर अडकला. मला तो थेंब फ्रेम करून घ्यावासा वाटला.

"अहो, घरचीच पोरगी ती!" काका एकदम फुटला. "घरच्या पोरीला कुणी पगार देतं का?"

बाहेरच्या बाकावरची दोन माणसं मान वळवून बघायला लागली.

"म्हणजे देत नाही?"

काकाने ओठ हलवले.

"काका, जरा मोठ्याने," मी म्हणालो. "मॅडमना ऐकू नाही आलं."

"तू गप्प बस, नाहीतर बाहेर," मॅडम माझ्यावर खेकसल्या. मी गप्प बसलो. पण त्या पेन उघडून काकाकडेच बघत राहिल्या.

"नाही देत," काका म्हणाला.

ते ऐकायलाच मी आलो होतो. सगळ्या बँकेत, दिवसाउजेडी, त्याच्या स्वतःच्या तोंडून. मॅडमनी लिहून घेतलं आणि मग त्यांनी ताईलाही सोडलं नाही.

"आणि तुम्ही. कंपन्यांना दाखवायला नोकरीत आणि आम्हाला दाखवायला बेकार, असं नाही चालत. बिनपगारी काम असेल तर बिनपगारी लिहायचं. त्यात लाजायचं काय? लाज कुणाला वाटायला पाहिजे?"

ताईने मान हलवली. मोबाइल काढला आणि तिथेच बसून दुरुस्त करायला लागली. 'सध्या नोकरीत' तिने काढून टाकलं. मॅडमना दाखवलं.

काकाने ते बघितलं. "म्हणजे उद्यापासून येणार नाहीस?"

"नाही, काका."

"अस्सं." त्याने हातातलं पेन टेबलावर आपटलं आणि मागे रेलून बसला. "मग मीही सही करत नाही. सहकर्जदाराची सही लागते ना? घ्या मग मुदतवाढ."

इतका वेळ मी त्याला वर चढवत होतो, पण उतरताना तो ताईच्या अंगावर उडी मारेल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी उठलो. मला वाटतं मी त्याची कॉलर धरणार होतो. ताईने न बघता माझ्या शर्टाचं टोक पकडलं आणि खाली ओढलं.

"नका करू," ती काकाला म्हणाली. तिचा आवाज दुकानात असतो तेवढाच. "मग हप्ता सुरू होऊ दे. माझ्याकडे पगार नाही, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत, मॅडमनी लिहून घेतलंय. मॅडम, मग बँक कुणाकडे मागेल?"

मॅडमनी आधी काकाकडे बघितलं. मग टेबलाखालच्या माहितीपत्रकांकडे बघितलं, जणू त्यांना ती आत्ताच दिसली.

काकाने पेन उचललं. सही करताना इतकं दाबलं की कागदाच्या मागे उठून दिसली. मी नंतर बोट फिरवून बघितलं. छान खडबडीत लागत होती.

बाहेर पायऱ्यांवर त्याने मला गाठलं. "तुला बघून घेईन."

"बघा की," मी म्हणालो. "वर कॅमेरा आहे, तोही बघतोय."

मंजुरी वरच्या ऑफिसातून यायला वेळ लागला, पण सुट्टी संपायच्या आत आली. सहा महिने वाढवून मिळाले. मी नाचायला लागलो तर ताईने मला खाली बसवलं. व्याज थांबलेलं नाही म्हणाली, ते आत वाढतच राहणार. जमलं तर महिन्याचं नुसतं व्याज भरत राहायचं म्हणजे पुढे हप्ता जड जाणार नाही. मी म्हणालो, माझ्या गॅरेजच्या पगारातून घे. ती म्हणाली, "तुझ्या पगारातून तू आधी शर्ट घे, हा काकाने ओढून फाडल्यासारखा दिसतोय." खरं तर तो तिनेच ओढून फाडला होता.

मला वाटलं होतं माझा राग आता निवेल. निवला नाही. एक वाक्य बोलायला लावलं म्हणून इतक्या महिन्यांचं काम परत मिळत नाही. ताईला ते मागायचं नाहीये. मला मागायचंय.

आणि काकाने स्वतःच दार उघडून दिलं. दुकानातला कॉम्प्युटर रडतखडत चालायचा म्हणून ताई सगळी डिझाइनं स्वतःच्या लॅपटॉपवर करायची. सगळी. चपलांवाल्याला तोच बॅनर परत हवाय, डोळेवाली चप्पल, नव्या तारखांचा. फाइल काकाकडे नाही. काकाचा ताईला फोन आला. लोण्याचा आवाज. ताईने सगळं एका पेनड्राइव्हमध्ये भरलं आणि माझ्या हातात दिलं. "नेऊन दे. भांडू नको."

मी भांडलो नाही. मी फक्त काकाला फोन करून सांगितलं, पेनड्राइव्ह माझ्या खिशात आहे. देतो. पण दुकानात, कारागिरांच्या समोर, चपलांवाल्याला बोलवा, आणि बँकेतलं ते वाक्य परत म्हणा. तेच, शब्द न बदलता. आणि ताईचे किती द्यायचे ते मग तुम्हीच बोला.

त्याने फोन आपटला. मग चपलांवाला त्याच्या दुकानात येऊन बसला असावा, कारण काकाचा परत फोन आला. मग परत. आत्ताही मोबाइल टेबलावर गरगर फिरतोय. आई स्वयंपाकघरातून म्हणतेय, उचल रे, काका आहे. म्हणूनच नाही उचलत.

ताई बॅग घेऊन दारात उभी आहे. तिची ती पाणी तपासायच्या लॅबची मुलाखत आहे, बस सुटेल. तिला गाडीवर सोडायचंय. पेनड्राइव्ह माझ्या खिशातच आहे आणि काकाचं दुकान वाटेतच लागतं, पण मी आज तिथे गाडी हळूसुद्धा करणार नाही. नुसता हॉर्न वाजवणार. ती हाक मारतेय. मला आता निघायला हवं.